बीमची स्लाइड समजावताना: आधी भेग काढा, मग सळई

पॉलिटेक्निकमध्ये नव्याने शिकवायला लागलेले, साइटवर गवंडी आणि फिटर मंडळींना समजावून सांगणारे ज्युनियर इंजिनियर, किंवा घरमालकाला 'तुमच्या बीममध्ये एवढं लोखंड का' याचं उत्तर देणारे, अशा सगळ्यांच्या हाती आरसीसी बीमच्या त्याच त्या स्लाइड्स येतात. पहिल्याच स्लाइडवर पूर्ण बांधलेला सांगाडा असतो. खाली दोन सळ्या, वर दोन, रिंगा, बाण, आकडे, बाजूला रंगांची सूची. सांगणारा म्हणतो, "काँक्रीट दाबात मजबूत, ताणात कमजोर, म्हणून खाली लोखंड." ऐकणारे मान डोलावतात, आणि पुढच्याच आठवड्यात गॅलरीचं लोखंडही खालीच बांधतात. त्यांनी 'ताणात' हा शब्द सोडून 'खाली' एवढाच लक्षात ठेवलेला असतो.

म्हणून स्लाइड्सचा क्रम बदलावा लागतो. पुढे जो क्रम दिला आहे त्याचं सूत्र एकच आहे: काँक्रीटला भेग कुठे पडेल हे आधी दाखवायचं, आणि सळई नंतर, त्या भेगेला आडवी काढायची. उदाहरण म्हणून वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याजवळचं एक घर धरू. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, त्यावर आरसीसी स्लॅब, आणि चार मीटर रुंद खोलीवरून जाणारा एक बीम. बीमची रुंदी २३० मिमी, उंची ४५० मिमी. दोन्ही टोकांना तो नुसता टेकलेला आहे असं धरू. स्लॅब, फरशी, माणसं, सामान आणि स्वतःचं वजन मिळून बीमच्या प्रत्येक मीटरवर साधारण दोन टन भार येतो. शेवटपर्यंत हाच बीम ठेवा. दर स्लाइडला नवा बीम आणला की ऐकणाऱ्याचा धागा तुटतो.

पहिली स्लाइड: वाकलेला बीम, बाकी काही नाही

या स्लाइडवर दोन आधार, वरून येणारे भाराचे बाण आणि मध्ये खाली झुकलेला बीम एवढंच असावं. झोक मुद्दाम वाढवून दाखवा, कारण खरा झोक काही मिलिमीटरचा असतो आणि डोळ्याला दिसत नाही. लोखंडाचं नाव अजून काढू नका.

या स्लाइडबरोबर गादीच्या फोमचा तुकडा न्या. हातभर लांब आणि चार बोटं जाड पुरे. त्याच्या बाजूवर मार्करने दोन-दोन सेंटिमीटरवर उभ्या रेघा मारा. दोन चिऱ्यांवर किंवा विटांवर तो आडवा ठेवा आणि मधोमध दाबा. वरच्या अंगाला रेघा जवळ येतात, खालच्या अंगाला फाकतात, आणि मधल्या उंचीवर त्यांच्यातलं अंतर जवळपास होतं तेवढंच राहतं. वरचा भाग आखूड झाला, म्हणजे तिथे दाब आहे. खालचा लांब झाला, म्हणजे तिथे ताण आहे. मधल्या, न बदलणाऱ्या थराला पुस्तकात उदासीन अक्ष म्हणतात. साइटवर हा शब्द वापरला नाही तरी चालतं, पण 'मध्ये काहीच होत नाही' हे मात्र प्रत्येकाने स्वतः बघायला हवं. पुढे मधोमध ठेवलेली सळई का वाया जाते, ते यावरूनच कळणार आहे.

आता पार्सलला लावतात ती रुंद चिकटपट्टी फोमच्या वरच्या अंगाला घट्ट चिकटवा आणि पुन्हा दाबा. फोम आधीसारखाच वाकतो, पट्टीला फक्त सुरकुत्या पडतात. पट्टी काढून खालच्या अंगाला लावा. आता तोच फोम दाबायला जाणवण्याइतका जड जातो. पट्टी तीच, लांबी तीच, फक्त जागा बदलली. हा तुकडा पाचव्या स्लाइडला पुन्हा लागणार आहे, टाकून देऊ नका.

दुसरी स्लाइड: लोखंडाशिवाय बीम किती टिकतो

ही स्लाइड बहुतेक संचांमध्ये नसतेच. माझ्या मते सगळ्यात गरजेची हीच आहे. 'कमजोर' म्हणजे किती कमजोर, हे आकड्याशिवाय कळत नाही.

किनाऱ्यावरच्या घराला एम ३० काँक्रीट धरू. तीसचा अर्थ असा की त्याचा ठोकळा २८ दिवसांनी दाबला तर दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब सोसतो. सोप्या मापात सांगायचं तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० किलो. तेच काँक्रीट वाकवून ताणलं तर ते किती सोसेल, याचं आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातलं सूत्र असं आहे:

```
0.7 × √30 = 3.83 N/mm²
```

म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३८ किलो. दाबाच्या जेमतेम आठवा हिस्सा.

आता आपला बीम. मधोमध वाकवणारा जोर, म्हणजे बेंडिंग मोमेंट, आणि त्याने बीमच्या तळाला येणारा ताण असा निघतो. w म्हणजे दर मीटरचा भार, दोन टन म्हणजे ढोबळमानाने २० किलोन्यूटन; L लांबी, b रुंदी, D उंची, आणि Z म्हणजे रुंदी-उंचीवरून येणारं वाकण्याला विरोध करण्याचं माप:

```
M = wL²/8 = 20 × 4² / 8 = 40 kN·m
Z = bD²/6 = 230 × 450² / 6 = 7762500 mm³
M/Z = 5.15 N/mm²
```

वरच्या अंगाला ५.१५ दाब आणि खालच्या अंगाला ५.१५ ताण. दोन्हीकडे आकडा एकच आहे, हे थांबून दाखवा. वर ५.१५ येतं आणि सोसायची ताकद आहे ३०, म्हणजे काँक्रीट तिथे आरामात आहे. खाली ५.१५ येतं आणि ताकद आहे ३.८३, म्हणजे तिथे ते फाटणार. याच हिशोबाने लोखंड नसलेला हा बीम दर मीटरला दीड टनाच्या आसपास मोडतो, आणि आपल्याला तर दोन टन पेलायचे आहेत.

मोडतो कसा, हेही सांगा. तळाला मधोमध एक भेग पडते. भेग पडली की तेवढा भाग ताण घेऊ शकत नाही, उरलेल्या उंचीवर ताण आणखी वाढतो, भेग वर सरकते आणि क्षणात बीमचे दोन तुकडे होतात. आधी झुकणं नाही, सूचना नाही. वर्गात खडू दोन बोटांत धरून वाकवला की हेच दिसतं: तो एकदम तुटतो.

या स्लाइडच्या चित्रात तळापासून वर जाणारी भेग लाल रंगात काढा आणि स्लाइड तिथेच संपवा.

तिसरी स्लाइड: भेगेला आडवी सळई

आता लाल भेगेचं तेच चित्र पुन्हा घ्या आणि तिला आडव्या जाणाऱ्या दोन सळ्या तळाजवळ काढा. इथे एक मोठा गैरसमज दूर करावा लागतो. लोखंड घातलं म्हणजे काँक्रीटला भेगच पडत नाही, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही.

काँक्रीट फाटण्याआधी फारच थोडं ताणलं जातं. एम ३० साठी हे लांबणं दर मीटर लांबीला ०.१४ मिमीच्या आसपास भरतं. सळई काँक्रीटला चिकटलेली असते, त्यामुळे तीही तेवढीच ताणली जाते. एवढ्या लांबण्याने लोखंडात जोर येतो २८ न्यूटन दर चौरस मिलिमीटर. एफई ५०० सळईची क्षमता ५०० ची आहे. म्हणजे भेग पडेपर्यंत सळई जवळजवळ बसूनच असते. भेग पडली की त्या जागी काँक्रीटने सोडलेला ताण सळईवर येतो आणि तिचं खरं काम तिथून सुरू होतं. ती भेगेला थांबवते ती अशी की तिची रुंदी वाढू देत नाही आणि तिला वर चढू देत नाही. एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या बारीक भेगा थोड्या-थोड्या अंतरावर पडतात, आणि बीम उभा राहतो.

म्हणून आरसीसी बीमच्या तळाला केसाएवढ्या भेगा असणं हा दोष नाही. आयएस ४५६ साधारण परिस्थितीत ०.३ मिमीपर्यंतची भेग मान्य करतं. खारट हवेच्या कडक परिस्थितीत मात्र हीच मर्यादा ०.१ मिमीवर येते. त्यामागचं कारण कव्हरच्या, म्हणजे लोखंडाबाहेरच्या काँक्रीटच्या थराच्या, स्लाइडला येईल.

सळई किती लागते, हे घरमालकालाही समजेल अशा हिशोबाने सांगता येतं. बीमच्या वरच्या भागात काँक्रीट दाबलं जातं, तळाशी सळई ओढली जाते, आणि या दोन जोरांमधलं उभं अंतर आपल्या बीममध्ये सुमारे ३५ सेंटिमीटर आहे. ४० किलोन्यूटन-मीटर म्हणजे ढोबळमानाने चार टन-मीटर. चारला ०.३५ ने भागलं की सळ्यांवरचा ओढ निघतो सुमारे ११.४ टन. नियमाप्रमाणे भार दीडपट धरायचा, म्हणून १७.१ टन. १६ मिमीच्या दोन सळ्यांचं क्षेत्रफळ ४०२ चौरस मिमी. त्यांची क्षमता, सुरक्षेसाठी थोडी कमी धरून, १७.५ टन. म्हणजे १६ च्या दोन सळ्या बसल्या.

इथे हमखास एक प्रश्न येतो. सिंधुदुर्गात तो साधारण असा ऐकू येतो: "लोखंड तेवढाच आसा मां साहेब, मगे वर काय आणि खाली काय?" याला रागावून उत्तर देऊ नका. प्रश्न चांगला आहे आणि हिशोब आपल्या हातात आहे. त्याच दोन सळ्या बीमच्या मधोमध बांधल्या, तर दाब आणि ओढ यांच्यातलं ३५ सेंटिमीटरचं अंतर विसाच्याही आत येतं. तेच चार टन-मीटर पेलायला सळ्यांवर आता वीस टनांहून थोडा जास्त ओढ येतो, आणि या सळ्या वीस टनांनाच ताणून सैल पडतात. म्हणजे नेहमीच्या वापरातल्या भारालाच बीम हात टेकतो. सळ्या पूर्ण वर बांधल्या तर त्या दाबाच्या भागात जातात. तिथे काँक्रीट आधीच निवांत आहे. खालच्या भेगेला अडवायला कोणी नाही, आणि आपण परत दुसऱ्या स्लाइडवर येतो.

साइटवर सांगाडा उलटा बसण्याचा प्रकारही होतो. वर रिंगा टांगण्यापुरत्या १० मिमीच्या दोन सळ्या असतात, खाली १६ च्या. बांधलेला सांगाडा उचलून सेंटरिंगमध्ये ठेवताना तो पालथा पडला तर १० च्या खाली येतात. लांबून बघणाऱ्याला लोखंड पूर्ण दिसतं. पण १० च्या दोन सळ्यांना नियमाने मिळते ती क्षमता सुमारे २६ किलोन्यूटन-मीटर, आणि गरज आहे ४० ची. तीही दीडपट न करता.

याच जागी एक ऐतिहासिक टीप द्यायला हरकत नाही. फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए या माळ्याने १८६७ मध्ये जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं. पण लोखंड ताणाच्या बाजूला हवं, याचा हिशोब जर्मनीत माथियास कोएनेन यांनी १८८६ मध्ये मांडला. लोखंड घालायचं हे आधी सुचलं, कुठे घालायचं हे कळायला वीसेक वर्षं लागली. समोरच्या फिटरला शंका येते यात नवल नाही.

चौथी स्लाइड: तिरक्या भेगा आणि रिंगा

ही स्लाइड नवख्यांसाठी थोडक्यात उरका. आधारांजवळ भेगा उभ्या न पडता तिरक्या पडतात, साधारण ४५ अंशांत, आधाराच्या तळापासून बीमच्या मध्याकडे वर चढत. त्यांना आडवं जाणारं काहीतरी हवं, म्हणून उभे पाय असलेल्या रिंगा. भेगा आधारांजवळ जास्त, म्हणून रिंगा तिथे दाट आणि मध्ये विरळ. सूत्र तेच आहे, फक्त भेगेची दिशा बदलली. कातर जोराचा हिशोब पुढच्या वर्गासाठी ठेवा.

पाचवी स्लाइड: गॅलरी आली की सगळं उलटं

आता फोमचा तुकडा पुन्हा घ्या. एक टोक टेबलावर घट्ट दाबून धरा, दुसरं टोक बाहेर लोंबू द्या आणि त्या टोकाला खाली दाबा. रेघा या वेळी वरच्या अंगाला फाकतात, तेही टेबलाच्या कडेशी सगळ्यात जास्त. भेग कुठे पडेल हे समोरच्यांना विचारा. फोम बघितलेला माणूस बरोबर सांगतो: वर, भिंतीच्या कडेला. मग सळई कुठे, हे विचारावंही लागत नाही.

कोकणात ही स्लाइड जास्त वेळ मागते. पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून इथे प्रत्येक खिडकीवर छज्जा असतो आणि तो इतर ठिकाणांपेक्षा लांब काढतात. समजा ९० सेंटिमीटरचा छज्जा, भिंतीपाशी जाडी १२० मिमी. वर ४५ मिमी कव्हर सोडून ८ मिमीची सळई. तळापासून सळईच्या मध्यापर्यंत उंची राहते ७१ मिमी. बीमच्या ४५० मिमीत चार सेंटिमीटर इकडे-तिकडे झालं तर ताकद दहाएक टक्क्यांनी घटते. छज्ज्यात तसं नाही. काँक्रीट ओतताना कोणी वरच्या जाळीवर पाय दिला आणि ती ३५ मिमी खाली बसली, तर ७१ चे ३६ उरतात. ताकद निम्मी. आणि स्लॅब भरताना जाळीवर पाय पडतोच; पाटीवाल्याला दुसरी वाट नसते. उपाय दोनच आहेत: जाळीखाली सळईच्याच वाकवलेल्या चेअर पुरेशा लावणं, आणि चालायला फळ्या टाकणं.

मग चुकीचं लोखंड बांधलेले इतके छज्जे वर्षानुवर्षं उभे कसे आहेत, असं कोणी विचारेल. विचारायलाच हवं. वर सांगितलेल्या छज्ज्यावर दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरला तरी भिंतीपाशी काँक्रीटमध्ये येणारा ताण ०.८ न्यूटनच्या आसपास आहे, आणि काँक्रीटची ताकद ३.८३. म्हणजे छोटा छज्जा लोखंडाशिवायही, नुसत्या काँक्रीटच्या ताणशक्तीवर उभा राहतो. पण ती ताकद भरवशाची नाही. उन्हातान्हाने आणि काँक्रीट आकसल्याने भिंतीच्या कडेला एक भेग पडली, किंवा दोन दिवसांत दोनदा काँक्रीट भरल्याने तिथे सांधा राहिला, की ३.८३ चं शून्य होतं. त्या क्षणी वर सळई असेल तर छज्जा टिकतो. खाली असेल तर कोणीतरी कौलं चाळायला किंवा रंग द्यायला वर चढलेलं असताना तो खाली येतो. एवढी वर्षं टिकला म्हणजे बरोबर बांधला, असं म्हणता येत नाही ते यासाठी.

आणखी एक गोष्ट या चित्रात दाखवा. वरची सळई भिंतीच्या कडेपाशी संपवून चालत नाही. तिला आत, खोलीच्या बाजूला, इतकं न्यावं लागतं की ओढलं तरी ती काँक्रीटमधून निसटू नये. एम ३० आणि एफई ५०० साठी ही लांबी सळईच्या व्यासाच्या सुमारे ४५ पट येते: ८ मिमीला ३६ सेंटिमीटर, १० मिमीला ४५. ही कमीत कमी झाली. गॅलरीसाठी सळई गॅलरीच्या लांबीइतकी किंवा दीडपट आत नेण्याची रीत आहे, ती पाळावी.

सहावी स्लाइड: कव्हर, आणि किनाऱ्याचा खारा वारा

सळई ताणाच्या बाजूला जितकी कडेला, तितकी जास्त उपयोगी, हे आतापर्यंत पटलेलं असतं. मग हुशार ऐकणारा विचारतो, अगदी तळालाच का नको? उत्तर असं की काँक्रीट सळईला दोन गोष्टी देतं: पकड आणि राखण. सिमेंट क्षारधर्मी असतं, त्यामुळे त्यात बुडालेल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर बनतो आणि ती गंजत नाही. समुद्राच्या हवेतल्या मिठातले क्लोराइड मात्र काँक्रीटमधून हळूहळू आत झिरपतात आणि तो थर फोडतात. एकदा गंज सुरू झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आतून ढकलतो आणि सळईच्या रेषेतच काँक्रीट फोडतो. तळाच्या भेगा बीमच्या लांबीला आडव्या असतील तर त्या बहुधा वाकण्याच्या, वर सांगितलेल्या केसाएवढ्या. भेग सळईच्या बरोबरीने लांबीभर धावत असेल, त्यातून तांबूस पाणी उतरत असेल आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आत गंज आहे. गिलावा मारून तो झाकू नये.

आयएस ४५६ (२०००) मध्ये किनारी हवेला थेट तोंड देणारं काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात येतं: किमान एम ३० आणि कव्हर ४५ मिमी. लाटांचे तुषार ज्यावर उडतात त्याला एम ३५ आणि ५० मिमी. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्याला एम २५ आणि ३० मिमी चालतं. कव्हर सगळ्यात बाहेरच्या लोखंडापासून, म्हणजे रिंगेपासून मोजतात, मुख्य सळईपासून नाही. हे स्लाइडवर बाणाने दाखवाच, कारण बहुतेक चित्रांत बाण चुकीच्या ठिकाणी असतो. आपल्या बीमचा हिशोब असा: ४५० मधून ४५ कव्हर, ८ रिंग आणि १६ च्या सळईचा अर्धा व्यास ८ वजा केला की उरतात ३८९ मिमी. सळईच्या मध्यापासून बीमच्या माथ्यापर्यंतची ही उंची. ३५ सेंटिमीटरचं अंतर यातूनच आलं.

साइटवर कव्हरसाठी खडीचा तुकडा किंवा फरशीचा कपचा सरकवायची सवय अजून दिसते. खडी निसटते, आणि सळई सेंटरिंगच्या फळीला टेकते. सेंटरिंग काढल्यावर तळाला सळईची रेघ दिसली तर तिथे कव्हर शून्य आहे. कव्हर ब्लॉक तेवढ्याच प्रतीच्या काँक्रीटचे, ४५ मिमी उंचीचे आणि तारेने बांधलेले हवेत. खाडीची वाळू न धुता वापरली तर मीठ बाहेरून यायची वाटही बघत नाही, पहिल्या दिवसापासून आत असतं. तेव्हा ४५ मिमीही उपयोगाचं नाही.

समजलं की नाही, हे कसं बघायचं

'कळलं का' असं विचारू नका. कोऱ्या कागदावर एक बीम काढून द्या: चार मीटरची खोली, एका बाजूने सव्वा मीटर बाहेर आलेली गॅलरी. आधी लाल पेनाने भेगा काढायला सांगा, मग निळ्याने सळ्या. निळा पेन आधी उचलला गेला तर तो माणूस चित्र पाठ म्हणून काढतोय.

बरोबर उत्तरात खोलीच्या मध्याजवळ तळाला उभ्या भेगा असतात, गॅलरीकडच्या आधारावर माथ्याला उभ्या भेगा, आणि दोन्ही आधारांजवळ बाजूंना तिरक्या. निळ्या सळ्या त्यानुसार खोलीत तळाला आणि गॅलरीत माथ्याला. नेहमीची चूक अशी की वरची सळई आधाराच्या बरोबर वर थांबवली जाते. ताण तिथे संपत नाही. तिथे तो सगळ्यात जास्त असतो, आणि मग खोलीच्या आत उतरत जातो.

ज्यांनी हे बरोबर काढलं त्यांना पुढचा प्रश्न द्या: खोलीत कोणी नाही आणि गणपतीची मिरवणूक बघायला सगळं घर गॅलरीत उभं आहे, तेव्हा वरच्या भेगा कुठवर सरकतील? खोलीवरचा भार बीमला मध्ये खाली दाबतो आणि माथ्याचा ताण आधाराजवळच ठेवतो. तो भार हलका झाला की माथ्याचा ताण खोलीत आणखी आत जातो. म्हणून वरची सळई कुठवर न्यायची, हे ठरवताना गॅलरी भरलेली आणि खोली रिकामी धरतात, आणि तळाच्या सळ्या ठरवताना उलट, खोली भरलेली आणि गॅलरी रिकामी.